साहेबांचा वाढदिवस, तीन वाक्यांत

१ जूनची सकाळ महाराष्ट्रातल्या सरकारी-निमसरकारी कार्यालयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मोठी गमतीची असते. आधी अधीक्षकांना शुभेच्छा येतात. पाठोपाठ लेखाधिकाऱ्यांना, मग आवक-जावक बघणाऱ्या मामांना, मग दुसऱ्या शाखेतल्या मॅडमना. दहा वाजेपर्यंत कुणाचा केक कुणाच्या फोटोखाली आला याचा पत्ता लागत नाही आणि शेवटी एखादा शहाणा ‘आज वाढदिवस असलेल्या सर्वांना’ असे लिहून हात झटकतो.

एवढ्या मराठी माणसांचा जन्म एकाच दिवशी कसा झाला, याचे उत्तर शाळेच्या दाखल्यात आहे. पन्नाशी ओलांडलेल्या पिढीतल्या कित्येकांचा जन्म घरीच झाला, आणि त्याची नोंद कुठे झालीच नाही. देशभरासाठी जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा झाला तो १९६९ साली. तो गावोगाव अंगवळणी पडायला आणखी वर्षे गेली. मूल शाळेत घालताना आई सांगणार, ‘कोयनेच्या भूकंपाच्या आधी पोटात होता,’ किंवा ‘बहात्तरच्या दुष्काळात रांगत होता.’ शाळा जूनमध्ये भरायची, पहिलीसाठी वय पुरे हवे असायचे. मग गुरुजी अंदाजाने साल धरत आणि तारीख लावत १ जून. तीच पुढे दाखल्यावर, दाखल्यावरून सेवापुस्तकात आणि तिथून फेसबुकवर गेली.

अशा एकगठ्ठा वाढदिवसांमुळे एरवी झाकली जाणारी एक गोष्ट उघडी पडते. पाच वरिष्ठांना एकाच दिवशी गेलेल्या शुभेच्छा एकाखाली एक वाचल्या, तर नावे वगळता त्यांत काहीच फरक सापडत नाही. कडक साहेबांना आणि मवाळ साहेबांना, काल बदलून आलेल्यांना आणि वीस वर्षे त्याच टेबलावर असलेल्यांना तोच गुलाब, तोच केक, तेच ‘हार्दिक’. हाताखालच्या माणसाला जरा जिव्हाळ्याने लिहायचे असते, पण पाऊल पुढे पडले तर ती लाडीगोडी वाटेल आणि मागे घेतले तर परिपत्रक वाटेल, अशी धास्ती असते. म्हणून तो तयार चित्र पुढे ढकलतो आणि कामाला लागतो.

ही धास्ती कितपत खरी आहे, यावर मानसशास्त्रात एक नेमका प्रयोग झाला आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये तो प्रसिद्ध केला. लोकांना त्यांच्या आयुष्यातल्या एखाद्या व्यक्तीला कृतज्ञतेचे पत्र लिहायला सांगितले आणि वाचणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला. मग पत्र मिळालेल्यांनाही विचारले. वाचणाऱ्याला अवघडल्यासारखे होईल असे लिहिणाऱ्यांना वाटले होते, तेवढे त्याला मुळीच झाले नव्हते. आणि आनंद मात्र अंदाजापेक्षा बराच जास्त झाला होता. फरकाचे कारणही त्यांनी शोधले. लिहिणारा आपल्याला नेमके शब्द सुचतात की नाही या काळजीत असतो, तर वाचणारा त्यातला जिव्हाळा बघतो. तो प्रयोग वाढदिवसाबद्दल नव्हता आणि भारतातल्या कार्यालयातही झाला नव्हता. तरी आपल्याकडे शब्दांच्या धास्तीने शब्दच उसने आणले जातात, हे त्यावरून ध्यानात येते.

उसने शब्द येतात ते मुख्यतः दोन ठिकाणांहून. एक म्हणजे चौकातला फ्लेक्स. ‘आधारस्तंभ’, ‘दिलदार व्यक्तिमत्त्व’, ‘कार्यसम्राट’ आणि खाली शुभेच्छुकांच्या डोक्यांची रांग. या भाषेचे काम वेगळे आहे. त्यात नेत्याला शुभेच्छा देण्यापेक्षा आपण नेत्याच्या किती जवळचे आहोत हे चौकाला सांगायचे असते. कार्यालयाच्या ग्रुपवर हीच भाषा आली की तिचा हा मूळ हेतूही सोबत येतो. वाचणारे सहकारी साहेबांकडे न बघता लिहिणाऱ्याकडे बघतात, आणि जूनमध्ये बदल्यांचा हंगाम असेल तर जरा जास्तच निरखून बघतात.

दुसरे ठिकाण म्हणजे कार्यालयाचाच पत्रव्यवहार. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ दिवसभर लिहिणाऱ्याच्या हातून ‘आपणांस वाढदिवसानिमित्त हार्दिक शुभेच्छा देण्यात येत आहेत’ असे वाक्य सहज उतरते. व्याकरणात त्यात खोट काढता येत नाही. फक्त शुभेच्छा देतो कोण, ते त्यात कुठेच नाही.

या दोन्हींच्या मधली वाट शोधताना मराठीत पहिला मुक्काम लागतो तो ‘तू, तुम्ही, आपण’ यांपाशी. इंग्रजीतून लिहिणाऱ्याला तिथे थांबावे लागत नाही. हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत व्यवस्थापकाला सगळे पहिल्या नावाने हाक मारतात, बैठका इंग्रजीत होतात, आणि ‘हॅपी बर्थडे’च्या पुढे नुसते नाव लिहिले तरी कुणाला वावगे वाटत नाही. तीच शुभेच्छा मराठीत लिहायला घेतली की नावापुढे ‘तुला’ लिहायचे की ‘तुम्हाला’, हे ठरवावेच लागते. दहा वर्षांनी मोठ्या माणसाला ‘तुला’ लिहिताना बोट अडखळते, आणि कालपर्यंत नावाने हाक मारलेल्याला एकदम ‘आदरणीय सर, आपणांस’ लिहिले तर तोच विचारतो, ‘काय रे, सोडून चाललास की काय?’

यावर कामाला येणारी कसोटी सोपी आहे. चहाच्या टेबलावर त्या व्यक्तीशी मराठीत बोलताना जे सर्वनाम तोंडात येते, तेच शुभेच्छेत ठेवायचे. नावाने हाक आणि ‘तुम्ही’ ही जोडी आज अनेक खाजगी कार्यालयांत रुळलेली आहे, ती लिहिण्यातही चालते. सरकारी कार्यालयात ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’, शाळा-महाविद्यालयात ‘सर’, ‘बाई’ किंवा ‘मॅडम’, काही ठिकाणी वयाने मोठ्या सहकारी बाईंना ‘ताई’. वर्षभर ‘ताई’ म्हणून एका दिवसापुरते ‘महोदया’ केले, तर मान वाढत नाही, मधले अंतर तेवढे वाढते. ‘आपण’ मात्र जपून वापरावे. कार्डावर सगळ्यांच्या वतीने एक ओळ असेल तर ते शोभते. दोघांतल्या संदेशात ते पुढच्या प्रत्येक वाक्याला कडक इस्त्री करून ठेवते.

दुसरा मुक्काम आशीर्वादाचा. आपल्याकडे आशीर्वाद वरून खाली जातो. धाकट्याने थोरल्याला ‘यशस्वी हो’ म्हणायचे नसते. अशा वेळी मराठीने एक सोय करून ठेवली आहे: ‘आपणांस उदंड आयुष्य लाभो, ही ईश्वरचरणी प्रार्थना.’ म्हणजे मी देत नाही, मी वर मागतो आहे. ‘लाभो’, ‘जावो’, ‘मिळो’ या रूपांत देणारा कोण ते सांगावे लागत नाही, म्हणून कनिष्ठाच्या तोंडी ती चपखल बसतात. याउलट ‘असेच काम करत राहा’, ‘खूप पुढे जा’, ‘तब्येतीची काळजी घ्या बरं का’ ही वाक्ये भावनेने कितीही चांगली असली, तरी वरून खाली आल्यासारखी वाटतात. साहेबांच्या साहेबांनी ती लिहावीत.

ईश्वरचरणीचाही विचार करावा लागतो. समोरची व्यक्ती देव मानते का, कोणत्या धर्माची आहे, हे ठाऊक नसेल तर ‘हे वर्ष तुम्हाला उत्तम आरोग्याचे आणि समाधानाचे जावो’ या वाक्यात कुणालाच खुपण्यासारखे काही नाही, आणि कमीही काही पडत नाही. महाराष्ट्रातल्या बौद्ध सहकाऱ्यांमध्ये ‘मंगल कामना’ हा शब्द रुळलेला आहे. समोरची व्यक्ती स्वतः तो वापरत असेल तर आपणही वापरावा. मुद्दाम आपल्याला माहीत आहे हे दाखवायला नको.

आता एक प्रसंग घेऊन मसुदा शेवटपर्यंत लिहून बघू. समजा, एका शासकीय कार्यालयाची लेखाशाखा आहे. वरिष्ठ म्हणजे सत्तावन्न वर्षांचे लेखाधिकारी; कडक, मितभाषी, टिपणीच्या समासात पेन्सिलने खुणा करून ती परत पाठवणारे. लिहिणारी तीन वर्षांपूर्वी लागलेली कनिष्ठ लिपिक. मार्चअखेरीस कोषागाराने आक्षेप लावून काही देयके परत पाठवली, तेव्हा साहेबांनी रविवारी येऊन तिला शेजारी बसवले आणि एकेक आक्षेप कसा वाचायचा, कोणता कागद जोडायचा, ते दाखवले. रागावले नाहीत, कौतुकही केले नाही. देयके वेळेत पास झाली. आज १ जून आहे.

पहिला मसुदा तिच्या बोटांवर आपसूक येतो:

‘आमचे मार्गदर्शक, लेखाशाखेचे आधारस्तंभ, शिस्तप्रिय तरीही दिलदार व्यक्तिमत्त्व, आदरणीय साहेबांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा! शुभेच्छुक : समस्त लेखाशाखा.’

यातले प्रत्येक विशेषण खरे असू शकते, पण त्यातले एकही फक्त या साहेबांचे नाही. शेजारच्या आस्थापना शाखेने हाच मजकूर आपल्या साहेबांना पाठवला तरी काही बदलावे लागणार नाही. शिवाय ‘समस्त लेखाशाखा’ हे तिने कुणाला न विचारता लिहिले आहे. शाखेतल्या दोघांना ते आवडणार नाही, आणि कौतुक चौघांच्या नावावर गेल्याने तिचे स्वतःचे त्यात काही उरले नाही.

ती ते पुसते आणि सावध होऊन दुसरे लिहिते:

‘मा. महोदय, आपणांस वाढदिवसानिमित्त हार्दिक शुभेच्छा. आपले पुढील आयुष्य निरोगी जावो, ही नम्र विनंती.’

इथे प्रार्थनेच्या जागी विनंती येऊन बसली. हाताला तीच सवय. हा मजकूर पाठवला तर काहीच बिघडणार नाही. साहेब ‘धन्यवाद’ लिहितील आणि पुढच्या संदेशाकडे वळतील.

मग जरा मनातले लिहावे म्हणून तिसरा:

‘साहेब, तुम्ही मला वडिलांसारखे आहात. सत्तावन्न वाटतच नाहीत हं! आता एकच वर्ष राहिलं, तुमच्याशिवाय शाखा कशी चालणार? पार्टी पाहिजे!’

भावना खरी आहे, आणि धोका याच मसुद्यात सर्वांत जास्त आहे. ‘वडिलांसारखे’ या शब्दाने कामाचे नाते घरात नेले. उद्या याच साहेबांना तिचा गोपनीय अहवाल लिहायचा आहे. वयाचा आकडा जाहीर झाला. त्यावरचे कौतुक दिसण्याबद्दलचे आहे, आणि वरिष्ठ स्त्री असती तर तेच वाक्य आणखी अवघड झाले असते. निवृत्तीची आठवण वाढदिवसाच्या सकाळी करून दिली. शेवटी पार्टी मागितली. चार वाक्यांत चार वेळा उंबरठा ओलांडला, आणि प्रत्येक वेळी हेतू चांगलाच होता.

या तिन्ही मसुद्यांत एक गोष्ट आलीच नाही, ती म्हणजे मार्चमधला रविवार. तो लिहिला की मजकूर असा होतो:

‘साहेब, वाढदिवसाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. मार्चमध्ये परत आलेल्या देयकांवरचा एकेक आक्षेप तुम्ही शेजारी बसवून समजावलात, तेव्हापासून टिपणी लिहिताना समासातली तुमची पेन्सिल आधी डोळ्यांसमोर येते आणि चूक तिथेच सापडते. हे वर्ष तुम्हाला उत्तम आरोग्याचे आणि निवांत रविवारांचे जावो.’

तीन वाक्ये, चाळीसच्या आसपास शब्द. पहिल्यात हाक आणि शुभेच्छा, दोन्ही रोजच्या वापरातल्या. दुसऱ्यात एक घडलेली गोष्ट आणि तिच्यामुळे लिहिणाऱ्याच्या कामात पडलेला फरक. इथे ‘तुम्ही महान मार्गदर्शक आहात’ असे कुठे म्हटलेले नाही, तरी वाचणाऱ्याला ते कळते. विशेषण एकही नाही, त्यामुळे ग्रुपवरच्या कुणालाही यात लाडीगोडी सापडणार नाही. जे घडले ते शाखेतल्या चौघांनी पाहिलेले आहे. तिसऱ्या वाक्यातले ‘निवांत रविवार’ दुसऱ्या वाक्याशी जोडलेले आहेत, आणि साहेबांनी रविवार दिला होता हे तिच्या लक्षात आहे, एवढे त्यातून कळते. घर, वय, रूप, निवृत्ती यांतले काही आले नाही. जिव्हाळा सगळा कामातूनच आला, म्हणून तो कामाच्या जागी शोभतो.

दुसऱ्या वाक्यासाठी आठवण निवडताना काही पथ्ये पाळावी लागतात. आठवण साहेबांच्या मोठेपणाची असावी, त्यांच्या अडचणीची नको. ‘गेल्या वर्षी ऑडिटमध्ये तुम्ही आम्हाला वाचवलंत’ हे वाक्य लिहिणाऱ्याला कृतज्ञतेचे वाटते. पण ऑडिटमध्ये वाचवण्यासारखे काय होते, असा प्रश्न ग्रुपवरच्या मोठ्या साहेबांना पडू शकतो. तसेच आठवण अशी असावी की दुसऱ्या सहकाऱ्याला त्यात आपली उणी बाजू दिसू नये. ‘बाकी कुणी मदत केली नाही, तुम्हीच केलीत’ यातला पहिला अर्धा भाग खोडला की उरलेला पुरेसा असतो.

आणि आठवणच नसेल तर? साहेब मागच्या महिन्यात बदलून आले असतील, किंवा त्यांच्याशी पटतच नसेल, तर दुसरे वाक्य गाळावे. ‘मॅडम, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. हे वर्ष आरोग्याचे आणि समाधानाचे जावो.’ एवढ्याने रीत पूर्ण होते. ओढूनताणून आणलेले कौतुक ज्याचे केले जाते त्याला सर्वांत आधी ओळखू येते. वर्षानुवर्षे टिपण्या वाचलेल्या माणसाला पोकळ वाक्य लगेच दिसते.

मजकूर ठरला की तो कुठे पाठवायचा, हा प्रश्न उरतो. ग्रुपवर गेलेली शुभेच्छा सगळ्यांसाठी असते, तिथे पहिले आणि तिसरे वाक्य पुरते. मधले, आठवणीचे वाक्य बहुतेक वेळा साहेबांच्या वैयक्तिक क्रमांकावरच शोभते. दोन्हीकडे पाठवायला हरकत नाही, फक्त दोन्हीकडे तोच मजकूर नको. रात्री बाराच्या ठोक्याला संदेश टाकण्याची हौस मित्रमंडळींत ठीक. वरिष्ठाच्या फोनवर मध्यरात्री कार्यालयाचा क्रमांक उजळला की पहिली शंका काहीतरी बिघडल्याचीच येते. सकाळी कार्यालयाच्या वेळेआधी तासभर, किंवा थेट समोर गेल्यावर तोंडी, हे बरे. पाठवण्याआधी शुद्धलेखन एकदा बघावे. ‘शुभेच्या’ आणि ‘अभिष्टचिंतन’ हे दोन घसरण्याचे हमखास मुक्काम आहेत. बरोबर रूपे ‘शुभेच्छा’ आणि ‘अभीष्टचिंतन’.

एक चौकशी मात्र सर्वांत आधी करावी. त्यांच्या घरी अलीकडे कुणाचे निधन झाले आहे का, ते वाढदिवस मानतात का. शाखेतल्या जुन्या माणसाला हे ठाऊक असते. दुःखाच्या वर्षी केक कापायला उभे करण्यापेक्षा टेबलापाशी जाऊन दोन शब्द बोललेले बरे.

१ जूनवाल्यांच्या बाबतीत आणखी एक खाचखळगा आहे. गंमत म्हणून कुणीतरी ग्रुपवर लिहितो, ‘साहेबांचा खरा वाढदिवस श्रावणात असतो बरं का!’ चहा घेताना हे साहेब स्वतः सांगतील आणि सगळे हसतील. पण सेवापुस्तकातली जन्मतारीख म्हणजे निवृत्तीची तारीख. नोकरीत लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज केला नाही, तर तिच्यात बदल मागण्याची वाट जवळपास बंद होते, आणि अशा वादांत न्यायालयांपर्यंत गेलेली प्रकरणे थोडीथोडकी नाहीत. कागदावरच्या तारखेबद्दलचा विनोद वरिष्ठाच्या नावासह लेखी असू नये. खरी तिथी ठाऊक असेल तर तिचा उपयोग वेगळा आणि चांगला आहे. ‘नागपंचमीच्या आदल्या दिवशी’ असे कधीतरी ऐकलेले असले, तर त्या दिवशी टेबलाजवळून जाताना ‘साहेब, आज ना?’ एवढे विचारावे. १ जूनला आलेल्या ढीगभर गुलाबांत जे नसते ते या दोन शब्दांत असते, आणि त्यात आगाऊपणाही नाही, कारण माहिती त्यांनीच दिलेली आहे.

केक आणि वर्गणीपाशी आले की मामला शिष्टाचारापुरता राहत नाही, त्यात नियम येतात. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत तेरावा नियम भेटवस्तूंबद्दल आणि चौदावा नियम कर्मचाऱ्याच्या सन्मानार्थ होणाऱ्या समारंभांबद्दल आहे. चौदाव्या नियमानुसार परवानगीशिवाय स्वतःच्या सत्काराच्या कार्यक्रमाला उपस्थित राहता येत नाही. निवृत्ती किंवा बदलीच्या वेळचा खाजगी, अनौपचारिक निरोप त्यातून वगळला आहे. पण त्याच नियमाखालची टीप जास्त बोलकी आहे. निरोपासाठीसुद्धा वर्गणी द्यायला कुणावर दबाव आणायचा नाही, आणि वरच्या श्रेणीतल्या अधिकाऱ्याच्या समारंभासाठी तृतीय व चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांकडून कोणत्याही परिस्थितीत वर्गणी गोळा करायची नाही, असे ती सांगते. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७९ चे स्वतंत्र वर्तणूक नियम आहेत आणि भेटवस्तूंवर बंधने त्यांतही आहेत.

टीप लिहिणाऱ्याला कार्यालय चांगले ठाऊक असावे. ‘स्वेच्छेने’ म्हणून यादी फिरते, प्रत्येकाच्या नावापुढे दोनशे लिहिलेले असतात, आणि शिपाई किंवा कंत्राटी ऑपरेटर त्या यादीवर नाव नाही असे दाखवू शकत नाही. वरच्या साहेबांना तो केक किती जणांच्या अडचणीतून आला हे कळतही नाही. खाजगी कंपनीत हे सरकारी नियम लागू नाहीत, पण अनेक कंपन्यांची स्वतःची आचारसंहिता असते आणि यादीपुढचा संकोच तर सगळीकडे तोच. ज्या शाखा हे नीट करतात त्या साधी रीत पाळतात: वरिष्ठापासून शिपायापर्यंत प्रत्येकाच्या वाढदिवसाला एकच ठरलेले, चहा आणि एखादा पदार्थ, आणि बहुतेक ठिकाणी खर्च ज्याचा वाढदिवस त्याचा. वस्तूऐवजी एकच कार्ड फिरवून प्रत्येकाने त्यावर हाताने एक ओळ लिहिली, तर त्याला कोणताच नियम आडवा येत नाही. फक्त कार्ड फिरवणाऱ्याने पहिली ओळ स्वतः नीट लिहावी. पहिल्याने ‘हॅपी बर्थडे सर’ लिहिले की खालचे सगळे तेच गिरवतात. पहिल्याने मार्चचा रविवार लिहिला तर तिसऱ्या-चौथ्यालाही आपली एखादी आठवण सापडते.

केक तोंडाला फासण्याचा प्रकार मित्रांच्या टोळक्यातून कार्यालयात आला आहे. वरिष्ठाच्या बाबतीत, आणि विशेषतः वरिष्ठ स्त्रीच्या बाबतीत, त्याचा विचारही करू नये. तीच गोष्ट वय विचारण्याची. मेणबत्त्यांचा आकडा ठरवायला कुणी सेवापुस्तक उघडून बघू नये.

१ जूनच्या वाढदिवसात शेवटी एक हिशेबाची गोम आहे. महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय ५८, चतुर्थ श्रेणीचे ६०. नेहमीच्या नियमानुसार ज्या महिन्यात ते वय पूर्ण होते त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. पण जन्मतारीख महिन्याची पहिली असेल तर आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस धरतात. म्हणजे १ जून १९६८ ही तारीख असलेले अधिकारी ३१ मे २०२६ रोजी निवृत्त होतात. त्यामुळे राज्यभर ३१ मे हा निरोप समारंभांचा दिवस असतो, आणि अठ्ठावन्नावा वाढदिवस उजाडतो तो निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी.

त्या सकाळी बहुतेकांचा फोन शांत असतो. काल हार घातले, नारळ दिला, भाषणे झाली. आज पुन्हा काय लिहायचे, असे सगळ्यांना वाटते. कित्येक ठिकाणी ग्रुपच्या अ‍ॅडमिनने रातोरात क्रमांकही काढलेला असतो. लेखाशाखेतल्या त्या लिपिकेने मात्र या तारखेची नोंद आधीच करून ठेवावी आणि संदेश वैयक्तिक क्रमांकावर पाठवावा. कालच्या भाषणांतले काही त्यात नको, ‘आता आराम करा’ हेही नको. हाक तीच, ‘साहेब’. खुर्ची गेली म्हणून ती बदलत नाही. शुभेच्छा तीच. मधल्या वाक्यात मात्र आता एक मोकळीक मिळते: गोपनीय अहवाल नाही, बदली नाही, ग्रुपवर कुणी वाचणारा नाही. ‘पुढच्या मार्चमध्ये आक्षेप आले तर फोन केला तर चालेल ना?’ असे ती विचारू शकते. साहेब मितभाषी आहेत. उत्तर बहुधा ‘आधी शासन निर्णय वाचा, मग करा’ असे येईल.